पाच-सहा किलोमीटरला बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते: जुन्या गाडीचं हे दुखणं कसं ओळखायचं

माझा भाचा कराडला विद्यानगरमध्ये खोली घेऊन शिकतो. त्याने नुकतीच एक सेकंडहँड मोटारसायकल घेतली आणि तिचा फोटो टाकून खाली लिहिलं:

"भेटा आमच्या लक्ष्मीला. वय चौदा, आजार मात्र आजीपेक्षा जास्त. हॉर्न सोडून सगळं वाजतं. पेट्रोलचा काटा कायम फुल, टाकीत असो वा नसो. डावा इंडिकेटर दिला की हेडलाइट लाजून मान खाली घालते. आणि दर पाच-सहा किलोमीटरला बाईसाहेब स्वतःहून थांबतात, दहा मिनिटं बसतात आणि काही झालंच नाही अशा थाटात निघतात."

पोराने झकास लिहिलंय. खाली त्याच्या मित्रांनी आपापल्या गाड्यांची रडगाणी गायली, त्यातल्या निम्म्यांचं दुखणं हेच शेवटचं होतं. बाकीच्या खोडी गैरसोयीच्या आहेत, पण चालत्या गाडीचं इंजिन मध्येच बसणं धोक्याचं आहे. मागून ट्रक येत असताना, वळणावर ओव्हरटेक करताना गाडीने दम सोडला तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून त्या एका वाक्यावर इथे सविस्तर लिहितो. दुखण्याची निम्मी माहिती त्या वाक्यातच आहे: ठरावीक अंतर, ठरावीक विश्रांती, मग पुन्हा तेच.

हे सगळं कार्ब्युरेटरच्या गाडीबद्दल आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींत फ्युएल इंजेक्शन आलं. त्यांच्या टाकीत पंप असतो आणि खालच्या तपासण्या तिथे जशाच्या तशा लागू होत नाहीत. पण कॉलेजच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्या जवळपास सगळ्या कार्ब्युरेटरच्याच.

गॅरेजमध्ये हा फॉल्ट का सापडत नाही

गाडी गॅरेजपर्यंत जाते तेव्हा ती चालू असते. मेकॅनिक किक मारतो, पहिल्या किकला स्टार्ट. मग तो अंदाजाने कार्ब्युरेटर साफ करतो, प्लग बदलतो. दोन दिवसांनी तेच. पुढच्या खेपेला तो इग्निशन कॉइल सुचवतो, त्याच्या पुढच्या खेपेला सीडीआय, म्हणजे ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा डबा. भाच्याचा कार्ब्युरेटर असाच साफ झाला होता, प्लग नवा बसला होता आणि आता सीडीआय बदलायचा सल्ला मिळाला होता. मेकॅनिकचा यात फार दोष नाही. जो बिघाड समोर हजर नाही, तो कोणी कसा पकडायचा?

हा बिघाड फक्त त्या दहा मिनिटांत हजर असतो. म्हणून तपासणी रस्त्याच्या कडेला, गाडी बंद पडल्या-पडल्याच करायची. बरोबर लागतं ते फार नाही: प्लगपाना, एक जादा चालू प्लग, स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेटेड पक्कड, एक छोटी पारदर्शक बाटली आणि ड्रेनच्या तोंडाला लावायला हातभर पाइप.

बंद पडण्याची तऱ्हा आधी लक्षात घ्या. चावी फिरवून बंद करावी तशी गाडी झटक्यात मेली, तर संशय स्पार्कवर. पिकअप कॉइल किंवा इग्निशन कॉइलच्या आतली तार तुटायला आलेली असते. गरम झाली की सांधा सुटतो, गार झाली की जुळतो. उलट आधी ओढ कमी झाली, मिसिंग सुरू झालं, चोक ओढल्यावर शे-दोनशे मीटर बरी चालली आणि मग विझत विझत बंद पडली, तर पेट्रोल पोचत नाहीये. चोक हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवतो, म्हणून तो तात्पुरता आधार देतो. स्पार्क गेला असेल तर चोक काहीही करू शकत नाही.

तीन तपासण्या, याच क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका तोच उलटा करतात: आधी टाकीचं झाकण उघडून आत डोकावतात. बिघाड झाकणातच असेल तर ते उघडताक्षणी पुरावा नाहीसा होतो.

गाडी रस्त्यापासून नीट आत घ्या. पहिली तपासणी स्पार्कची, कारण गरम कॉइल मिनिटामिनिटाला गार होत असते आणि पेट्रोल सांडण्याच्या आधीच ठिणगी पाहून घेतलेली बरी. प्लगची कॅप काढा आणि तिच्यात जादा प्लग बसवा. गाडीतला प्लग मात्र जागेवरच राहू द्या. तो काढला तर किक मारताना त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते आणि शेजारीच ठिणगी असते. जादा प्लगची आट्यांची बाजू सिलिंडर हेडच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी, पकडीने घट्ट टेकवा. मग चावी चालू करून किक मारा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी दिसली तर स्पार्क ठीक. पिवळट, मधूनच येणारी किंवा अजिबात नसलेली ठिणगी म्हणजे मामला विजेचा. प्लग धातूला न टेकवता किक मारू नका, सीडीआयला इजा होते. दुपारच्या उन्हात ठिणगी दिसत नाही, अंगाची सावली धरा.

दुसरी तपासणी कार्ब्युरेटरच्या वाटीची. चावी बंद, जवळपास सिगारेट नाही. वाटीच्या तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो आणि खाली एक छोटं नळीचं तोंड. त्या तोंडाला पाइप लावून दुसरं टोक बाटलीत सोडा, म्हणजे गरम इंजिनवर थेंब पडणार नाहीत. पेट्रोल कॉक चालूच ठेवा आणि स्क्रू दोन आटे सैल करा. वाटीभर पेट्रोल आलं आणि मागून धार चालू राहिली, तर पेट्रोल पोचतंय, दुखणं दुसरीकडे आहे. चार थेंब पडून कोरडं पडलं, तर इंजिन उपाशी होतं हे नक्की. बाटली उजेडात धरून पाहा: तळाशी तांबूस बारीक कण म्हणजे टाकीचा गंज, खाली वेगळा थर किंवा गोळ्या दिसल्या तर पाणी. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत हे जास्त दिसतं.

तिसरी तपासणी झाकणाची. ड्रेन स्क्रू तसाच सैल, बाटली तशीच, आणि आता टाकीचं झाकण उघडा. कान जवळ ठेवा. हवा आत ओढली जाण्याचा फुस्स आवाज आला आणि काही क्षणांत बाटलीत धार सुरू झाली, तर निदान झालं: झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं आहे. उन्हात उभ्या गाडीतून वाफ बाहेर येते तेव्हाही आवाज होतो, पण तेव्हा वास तोंडावर येतो. शंका असेल तर झाकणाच्या कडेशी पातळ कागदाचा कपटा धरा, तो कुठे ओढला जातो ते दिसेल.

छिद्र बुजल्याने गाडी कशी बंद पडते

या गाड्यांमध्ये पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. जेवढं पेट्रोल खाली गेलं तेवढी हवा वर टाकीत यायला हवी. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गळक-गळक येतं आणि थांबतं; समोर दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते. झाकणातलं छिद्र म्हणजे ते दुसरं भोक.

अंतर ठरावीक का, ते हिशोबाने कळतं. टाकीतल्या पेट्रोलची पातळी आणि कार्ब्युरेटर यांत साधारण २५ सेंटीमीटरचा फरक धरला, तर तेवढ्या पेट्रोलचा दाब हवेच्या दाबाच्या जेमतेम २ टक्के भरतो. म्हणजे टाकीत कोंडलेल्या हवेचा दाब २ टक्के कमी झाला की पेट्रोल खाली यायचंच थांबतं. १० लिटरची टाकी अर्धी भरलेली असेल तर आत ५ लिटर हवा आहे. तिचा दाब २ टक्के उतरायला सुमारे १०० मिलिलिटर पेट्रोल जावं लागतं. ५० च्या अॅव्हरेजने १०० मिलिलिटर म्हणजे ५ किलोमीटर. वाटीत शिल्लक असलेल्या पेट्रोलवर आणखी थोडं अंतर जातं, मग गाडी बसते. दहा मिनिटांत कुठून तरी झिरपून थोडी हवा आत येते, वाटी भरते आणि गाडी निघते.

छिद्र सहसा पूर्ण बंद नसतं आणि पेट्रोलची वाफही थोडा दाब भरून काढते, त्यामुळे आकडा अगदी असाच येईल असं नाही. पण यातून एक खूण मिळते जी मला सगळ्यात भरवशाची वाटते. टाकी जितकी भरलेली, तितकी आत हवा कमी, आणि हवा कमी तितका दाब लवकर उतरतो. म्हणून या बिघाडात टाकी फुल केल्यावर गाडी लवकर बंद पडते. कॉइल गरम होऊन मरत असेल तर तिला टाकीत किती पेट्रोल आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

मी भाच्याला फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. तो म्हणाला, "हो मामा, टाकी फुल केली की जास्तच त्रास देते. मला वाटलं पंपावरच भेसळ असणार." पंप बदलून पाहिला होता त्याने, उपयोग शून्य.

भाच्याच्या गाडीत काय निघालं

कराडहून पाटणच्या रस्त्याला आम्ही निघालो तेव्हा टाकी जवळजवळ भरलेली होती. गाडी गाव सोडता-सोडताच मिसिंग करू लागली आणि विझली. स्पार्क निळा, खणखणीत. ड्रेनमधून चार थेंब आणि मग काहीच नाही. झाकण उघडताना ते किंचित धरून ठेवल्यासारखं वाटलं, फुस्स झालं आणि बाटलीत धार पडायला लागली. स्क्रू आवळला, दुसऱ्या किकला गाडी चालू. सीडीआयचे पैसे वाचले.

झाकण घरी खोललं. चावीच्या वरच्या पट्टीखाली एक छोटी खाच असते, तिथून हवा आत शिरते आणि वळणावळणाच्या वाटेने खाली टाकीत जाते. आधीच्या मालकाने टाकीला रंग देताना झाकण न काढताच स्प्रे मारला होता आणि रंगाचा थर खाचेत जाऊन बसला होता. त्यावर धूळ आणि धुताना गेलेलं पाणी. जुन्या गाडीची टाकी चकचकीत नवी दिसली तर झाकणाची ही खाच आधी पाहावी.

रंग खरवडला, झाकण पेट्रोलमध्ये भिजवलं, दातांच्या जुन्या ब्रशने घासलं आणि सायकलच्या पंपाने हवा मारली. मोकळं झालं का हे बघायला खालच्या बाजूला साबणाचं पाणी लावायचं आणि वरून हलकी हवा द्यायची. बुडबुडे आले की वाट मोकळी. तपासणी वरून खालीच करा. काही झाकणांत एकतर्फी झडप असते: हवा आत जाऊ देते, पण गाडी आडवी पडली तर पेट्रोल बाहेर येऊ देत नाही. उलट्या बाजूने फुंकलंत तर चांगलं झाकणही बंद वाटेल.

दोन उपाय सर्रास सुचवले जातात आणि दोन्ही करू नयेत. एक म्हणजे झाकणाला ड्रिलने भोक पाडणं. पावसात त्यातून पाणी टाकीत जातं, आणि ब्रेक मारल्यावर त्यातूनच पेट्रोल उसळून गरम इंजिनवर येतं. दुसरं, झाकण अर्धवट लावून गाडी चालवणं. त्यातही तीच भीती. साफ करून झाकण सुधारलं नाही तर त्या मॉडेलचं नवं झाकण चावीसकट मिळतं, ते घ्यावं.

झाकण लावलं आणि पुन्हा पाटणचा रस्ता धरला. सपाटीवर गाडी न थांबता पळाली, मल्हारपेठच्या पुढेही. पण चढावर पूर्ण रेस दिली की तेच मिसिंग, रेस कमी केली की ठीक. झाकण उघडून पाहिलं तर आवाज नाही. म्हणजे हवेचा प्रश्न सुटला होता आणि त्याच्या मागे लपलेला दुसरा प्रश्न उघडा पडला होता.

कॅप्शनमधला तो कायम फुल दाखवणारा काटा इथे आठवला. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं की ती वर्षभराहून जास्त अंगणात उभी होती. टाकीतलं गेजचं युनिट काढलं तर फ्लोटचा दांडा सांध्यापाशी गंजून वरच अडकलेला. दांडा गंजतो तिथे पत्राही गंजलेलाच असणार. कॉकची नळी कार्ब्युरेटरवरून सोडवून, झाकण उघडं ठेवून धार बाटलीत घेतली. ठणठणीत कॉकमधून पाव लिटरची बाटली साधारण मिनिटभरात भरायला हरकत नाही. इथे धार सुरुवातीला बरी होती, मग दोऱ्यासारखी झाली. कॉक काढला, त्याच्या जाळीवर तांबडा चिखल बसला होता. सपाटीवर इंजिनला मिनिटाला पंधरा-वीस मिलिलिटर लागतं, तेवढं त्यातून झिरपत होतं. चढावर गरज दुप्पट-तिप्पट होते, तिथे कमी पडत होतं. (काही गाड्यांत व्हॅक्यूमचा कॉक असतो, त्यातून इंजिन फिरल्याशिवाय धार येत नाही, ते आधी खात्री करून घ्या.)

टाकी साफ करायला आम्ही पांढरं व्हिनेगर वापरलं. गेज आणि कॉकची जागा बंद करून टाकी काठोकाठ भरली आणि रात्रभर ठेवली. सकाळी तांबडं पाणी ओतून दिलं, खायच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा विसळली, कारण आम्लाचा अंश राहिला तर गंज पुन्हा धरतो. त्यानंतरची पायरी घाईची आहे: ओला उघडा पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस व्हायला लागतो. हेअर ड्रायरने आत गरम हवा सोडून टाकी खडखडीत कोरडी केली, मग थोड्या पेट्रोलमध्ये टूस्ट्रोकचं ऑइल घालून सगळीकडून फिरवली आणि ओतून टाकली. ड्रायर चालवण्याच्या आधी टाकीत पेट्रोलचा वाससुद्धा राहिलेला नसावा. व्हिनेगरनंतर पत्र्याला सुईएवढी भोकं दिसली तर टाकी बदलावीच लागते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग कधीही करून घेऊ नका. आत उरलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते.

कॉकला नवी जाळी आणि वायसर बसवले, कडक झालेला रबरी पाइप बदलला. पाइप कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत सतत उतरता राहील असाच कापायचा; मध्ये वर जाणारा झोल राहिला तर तिथे हवा अडकते. मधे फिल्टर बसवायचा असेल तर मोटारसायकलचाच घ्या. कारचा कागदी फिल्टर पंपाच्या दाबासाठी असतो, नुसत्या वजनाने त्यातून पुरेसं पेट्रोल उतरत नाही.

तिन्ही तपासण्या ठीक निघाल्या तर

स्पार्क निळा आहे, वाटी भरलेली आहे, झाकण मोकळं आहे आणि तरीही गरम गाडी चालू होत नाही, असंही होतं. तेव्हा किक हाताने हळूच दाबून पाहा. गार असताना जेवढा विरोध लागतो त्यापेक्षा ती फुसकी लागत असेल, तर टॅपेट टाइट आहेत. इंजिन तापलं की व्हॉल्व्हचा दांडा वाढतो, गॅप उरत नाही, व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत हा गॅप ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असतो; आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधून घ्यावा आणि इंजिन रात्रभर गार झाल्यावर सकाळी फिलर गेजने बसवून घ्यावा. गरम इंजिनवर टॅपेट बसवून देणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा.

स्पार्क नसेल तर कॉइल विकत घेण्याआधी मल्टिमीटरने पिकअप कॉइल आणि इग्निशन कॉइलचा रेझिस्टन्स गाडी गरम असताना मोजा, आणि गार झाल्यावर पुन्हा मोजा. गार असताना ठीक आणि गरम असताना सर्किट तुटलेलं दाखवलं, तर तीच कॉइल. गॅरेजवाल्याला दोन्ही आकडे कागदावर लिहून द्या.

भाच्याची गाडी आता चढ ओढते. डाव्या इंडिकेटरबरोबर हेडलाइट मंद होण्याचं मूळ बहुतेक हेडलाइटच्या डबीतल्या गंजलेल्या अर्थच्या सांध्यात आहे. ते टोक सँडपेपरने घासून घट्ट करायचं आणि बॅटरीचं मायनस टर्मिनलही साफ करायचं, एवढं काम त्याच्याकडे दिलं आहे.